रेस्टॉरंटचं बिल नेमकं कसं असावं? सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि व्हॅटचा घोळ कुठे होतो?

शनिवारची रात्र, पुण्यातलं एक फॅमिली रेस्टॉरंट, टेबलावर चौघेजण. जेवण झालं, बडीशेप आली आणि तिच्यासोबत बिलाचं फोल्डर. एकूण रक्कम ३,०६३ रुपये. चौघांपैकी एकजण मोबाइलवर भागाकार करतो, बाकीचे यूपीआय करतात आणि सगळे बाहेर पडतात. त्या कागदावर वरपासून खालपर्यंत काय छापलंय, ते कोणीच वाचत नाही.

हे बिल आपण उदाहरण म्हणून घेऊ. कारण त्यात ३०३ रुपये जास्त लागले आहेत आणि त्यात बेरजेची एकही चूक नाही. चूक आहे ती कोणत्या रकमेवर काय लावलं, यात.

बिलात काय होतं?

जेवणाचे पदार्थ मिळून २,००० रुपये झाले होते. बिअरच्या दोन बाटल्या ३०० रुपयांप्रमाणे, म्हणजे ६०० रुपये. पुढचं बिल असं छापलं होतं:

जेवण व पेयं: २,६००.००
सर्व्हिस चार्ज १०%: २६०.००
सीजीएसटी २.५%: ७१.५०
एसजीएसटी २.५%: ७१.५०
व्हॅट १०% (मद्य): ६०.००
एकूण: ३,०६३.००

पहिल्या नजरेत सगळं व्यवस्थित वाटतं. जीएसटी ५ टक्केच आहे, तो केंद्र आणि राज्य असा अर्धा-अर्धा दाखवला आहे, व्हॅटची वेगळी ओळ आहे. तरीही या बिलात तीन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे २६० रुपयांचा सर्व्हिस चार्ज. तो न विचारता लावला आहे.

दुसरी, जीएसटी २,००० रुपयांवर नाही, तर २,८६० रुपयांवर लावला आहे. म्हणजे सर्व्हिस चार्जवरही कर घेतला. २६० चे ५ टक्के म्हणजे १३ रुपये.

तिसरी, त्या २,८६० मध्ये बिअरचे ६०० रुपयेही आहेत. माणसांच्या पिण्यासाठीची दारू जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि तो इथे लागलाच आहे. म्हणजे एकाच बिअरवर व्हॅटही घेतला आणि जीएसटीही. ६०० चे ५ टक्के, म्हणजे ३० रुपये.

२६० अधिक १३ अधिक ३०. झाले ३०३.

आता हेच बिल बरोबर कसं असतं ते पाहू:

जेवण: २,०००.००
सीजीएसटी २.५%: ५०.००
एसजीएसटी २.५%: ५०.००
जेवणाची बेरीज: २,१००.००
मद्य: ६००.००
व्हॅट १०%: ६०.००
मद्याची बेरीज: ६६०.००
एकूण: २,७६०.००

जेवण आणि दारू यांची बेरीज वेगवेगळी असणं, ही चांगल्या बिलाची सगळ्यात सोपी खूण आहे. अनेक परमिट रूम तर दोन वेगळी बिलंच देतात. ग्राहकांना ते विचित्र वाटतं, पण ते फसवण्यासाठी नसतं. दोन करांचे कायदे वेगळे, रिटर्न वेगळे, त्यामुळे हिशेब वेगळा ठेवणं सोयीचं पडतं. महाराष्ट्रात परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. दुसऱ्या राज्यात हा दर वेगळा असू शकतो. जेवणावरचा जीएसटी मात्र देशभर सारखाच.

सर्व्हिस चार्ज हा कर आहे का?

नाही. गोंधळाची मुळं जुनी आहेत. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे १ जुलै २०१७ पूर्वी, एसी रेस्टॉरंटच्या बिलावर ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा केंद्राचा कर असायचा. तो सरकारकडे जायचा. त्याच्याच वर किंवा खाली ‘सर्व्हिस चार्ज’ असायचा, तो रेस्टॉरंटकडे जायचा. नावं इतकी सारखी की बहुतेकांना दोन्ही सरकारीच वाटायचे. सर्व्हिस टॅक्स जीएसटीत विलीन झाला, सर्व्हिस चार्ज मात्र बिलावर तसाच राहिला.

ही रक्कम म्हणजे मुळात टिप आहे, फक्त ती ग्राहकाने ठरवण्याऐवजी रेस्टॉरंटने ठरवलेली. बिलातून आलेले पैसे आधी रेस्टॉरंटच्या खात्यात जमा होतात. त्यातून वेटर, किचनमधले कामगार आणि भांडी घासणारे यांना किती मिळतं, हे ग्राहकाला बिलावरून कधीच कळत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, ४ जुलै २०२२ रोजी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा आशय असा: रेस्टॉरंटने आपणहून बिलात सर्व्हिस चार्ज जोडायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही तो घ्यायचा नाही. तो ऐच्छिक आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. तो द्यायला नकार दिला म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. आणि जेवणाच्या बिलात तो मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही.

रेस्टॉरंट मालकांच्या दोन मोठ्या संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात तत्त्वांना स्थगिती मिळाली. जवळपास पावणेतीन वर्षं ती कायम होती. ‘सर्व्हिस चार्जवर तर कोर्टाचा स्टे आहे’ हे काउंटरवर ऐकू येणारं वाक्य याच काळातलं. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांच्या एकलपीठाने दोन्ही याचिका फेटाळल्या, तत्त्वं वैध ठरवली आणि प्रत्येक संघटनेला एक लाख रुपये भरायला सांगितले. सक्तीने सर्व्हिस चार्ज घेणं ग्राहकहिताच्या विरोधात आहे, असं न्यायालयाने म्हटलं. संघटनांनी खंडपीठाकडे अपील केलं आहे. मात्र नुसतं अपील दाखल झाल्याने आधीचा निकाल आपोआप थांबत नाही. या निकालानंतर सीसीपीएने दिल्लीतल्या पाच रेस्टॉरंटना नोटिसाही पाठवल्या होत्या.

मग ‘मेन्यूकार्डावर लिहिलंय, तुम्ही वाचून ऑर्डर दिली’ या युक्तिवादाचं काय? तो आता फारसा टिकत नाही. मेन्यूवर बारीक अक्षरात सूचना छापणं म्हणजे ग्राहकाची संमती घेणं नव्हे. ऐच्छिक गोष्ट बिलात आधीच भरलेली असेल आणि ती काढायला ग्राहकाला मॅनेजरला बोलवावं लागत असेल, तर ती ऐच्छिक कशी?

सर्व्हिस चार्जवर जीएसटी लागतो की नाही?

मालकांची खरी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार, सेवा देताना ग्राहकाकडून बिलातून जी जी रक्कम घेतली जाते, ती त्या सेवेच्या किमतीत धरली जाते. म्हणजे रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज लावला, तर जीएसटी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्यावरही कर देय होतो. तो घेतला नाही, तर कर कमी भरला म्हणून विचारणा होऊ शकते. आणि तो घेतला, तर सीसीपीएच्या तत्त्वांचा भंग होतो. एका कायद्यातून सुटायला गेलं की दुसऱ्यात पाय अडकतो.

यातून सरळ मार्ग एकच उरतो: बिलात ही ओळच ठेवायची नाही. ग्राहकाने खुशीने टेबलावर ठेवलेली किंवा वेटरला थेट दिलेली टिप ही बिलाचा भाग नसते, म्हणून तिच्यावर जीएसटीचा प्रश्नही येत नाही. कर्मचाऱ्यांना जास्त द्यायचं असेल, तर पदार्थांचे दर वाढवायची मालकाला पूर्ण मोकळीक आहे. थाळी ४५० ची ४९५ केली तर कोणी नोटीस पाठवणार नाही. फक्त तो दर मेन्यूवर उघड दिसेल आणि ग्राहक ऑर्डर देण्याआधी ठरवू शकेल. मालकांना नेमकं तेच नको असतं, कारण शेजारच्या हॉटेलात थाळी अजून ४५० लाच असते.

‘एससी’, ‘स्टाफ फंड’, ‘हॉस्पिटॅलिटी फी’ अशी नावं बिलावर दिसली, तर तीही याच खात्यात मोडतात. नाव बदललं म्हणून सक्ती ऐच्छिक होत नाही.

बिलावर काय काय असायलाच हवं?

नोंदणीकृत रेस्टॉरंटचं बिल म्हणजे ‘टॅक्स इनव्हॉइस’. त्यावर रेस्टॉरंटचं नाव-पत्ता, १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, पदार्थ आणि त्यांचे दर, सूट दिली असेल तर ती वजा केल्यानंतरची रक्कम आणि सीजीएसटी व एसजीएसटीचा दर व रक्कम वेगवेगळी असावी लागते. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याची असतात. महाराष्ट्राची २७, गोव्याची ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा कंपनीचा पॅन.

बिलाचा क्रमांक ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. तो सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नको आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. उदाहरणार्थ `PN/25-26/000123`. दोन काउंटर असतील, तर दोन वेगळ्या मालिका चालतात, पण दोघांनीही १ पासून तसाच क्रमांक सुरू केला तर एकाच क्रमांकाची दोन बिलं तयार होतात. रद्द झालेलं बिल डिलीट करून तोच क्रमांक पुढच्या टेबलाला देणं ही आणखी एक सर्रास सवय. जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिलं दिली आणि त्यातली किती रद्द केली, हे विचारलं जातं. रद्द बिल ‘रद्द’ म्हणूनच नोंदीत ठेवायचं असतं.

२०० रुपयांच्या आतल्या खरेदीला, ग्राहक नोंदणीकृत व्यापारी नसेल आणि त्याने मागितलं नसेल, तर स्वतंत्र बिल देण्याची सक्ती नाही. अशा सगळ्या विक्रीचं दिवसाअखेर एकत्र बिल करायचं असतं. चहा-वडापावला बिल मिळत नाही, त्यात दर वेळी काळंबेरं असतं असं नाही. पण मागितलं तर द्यावंच लागतं.

आणि ऑर्डरची चिठ्ठी, म्हणजे केओटी, हे बिल नव्हे. ‘एस्टिमेट’ किंवा ‘प्रोफॉर्मा’ छापलेल्या कागदावर पैसे घेतले आणि पक्कं बिल दिलंच नाही, तर त्यावर घेतलेला कर सरकारकडे पोचला का, हे तपासायचा ग्राहकाकडे काहीच मार्ग राहत नाही.

सगळ्याच रेस्टॉरंटना जीएसटी लावता येतो का?

नाही, आणि इथे ग्राहकाचं नुकसान शांतपणे होतं.

ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्यांना नोंदणीच करावी लागत नाही. रेस्टॉरंट ही कायद्याने सेवा धरली जाते, त्यामुळे फक्त माल विकणाऱ्यांसाठीची ४० लाखांची मर्यादा इथे लागू होत नाही. नोंदणी नसेल, तर जीएसटी घेण्याचा अधिकारही नाही.

दुसरा गट कंपोझिशन योजनेतल्यांचा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेलं रेस्टॉरंट ही योजना निवडू शकतं. त्यात उलाढालीवर ५ टक्के कर भरायचा असतो, पण तो मालकाने स्वतःच्या खिशातून. ग्राहकाच्या बिलात तो वेगळा लावता येत नाही. अशा ठिकाणी मिळणाऱ्या कागदाला ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणतात आणि कंपोझिशनमध्ये असल्याने कर घेण्याचा हक्क नाही, हे त्याच्या वरच्या बाजूला लिहिणं बंधनकारक आहे. दुकानाच्या पाटीवरही ‘कंपोझिशन करदाता’ असं लिहावं लागतं.

म्हणजे आपल्या उदाहरणातलं २,००० रुपयांचं जेवण अशा ठिकाणी २,००० लाच पडायला हवं. बिलात १०० रुपये जीएसटी दिसला, तर तो चुकीचा आहे. दारू देणाऱ्या रेस्टॉरंटला ही योजना घेता येत नाही, त्यामुळे परमिट रूमचा प्रश्नच नाही.

तपासायला एक मिनिट लागतं. gst.gov.in उघडा, `Search Taxpayer` मध्ये `Search by GSTIN/UIN` निवडा आणि बिलावरचा क्रमांक टाका. रेस्टॉरंटचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द आणि करदात्याचा प्रकार तिथे दिसतो. प्रकार `Regular` असेल तर ५ टक्के ठीक. `Composition` असेल किंवा नोंदणी रद्द झाली असेल, तर बिलातल्या कराबद्दल प्रश्न विचारायला हवा. नाव वेगळं दिसलं तर लगेच घाबरू नका. पाटीवरचं नाव आणि कंपनीचं कायदेशीर नाव अनेकदा वेगळं असतं. ‘ट्रेड नेम’ जुळतंय का, ते पाहा.

आणि १८ टक्के? तो दर मोठ्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटना लागतो. ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात कुठल्याही खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं, किंवा ज्यांनी स्वतःहून तसं जाहीर केलं आहे, तिथे हा दर. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये एसी आहे म्हणून १८ टक्के लावत असतील, तर ते २०१७ च्या नोव्हेंबरपूर्वीच्या नियमात अडकलेत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी आणि बिगर-एसी हा फरकच गेला.

सूट, ॲप आणि कंपनीचं बिल

सूट बिलातच दिली असेल, तर ती कराच्या आधी वजा व्हायला हवी. २,००० च्या जेवणावर १० टक्के सूट म्हणजे १,८०० रुपये, त्यावर जीएसटी ९०, एकूण १,८९०. सॉफ्टवेअरमध्ये सूट शेवटी लावायची सेटिंग असेल, तर आधी १०० रुपये कर, मग २०० वजा आणि बिल १,९००. दहाच रुपयांचा फरक, पण ते दहा रुपये कर म्हणून घेतलेले असतात.

डिलिव्हरी ॲपवरून मागवलेल्या जेवणाचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपची कंपनी भरते. म्हणून पार्सलसोबत आलेल्या रेस्टॉरंटच्या पावतीवर पुन्हा कर मागितला जाऊ नये. मालकाच्या बाजूनेही इथे चूक होते: ॲपवरची विक्री स्वतःच्या विक्रीत मिसळून तोच कर दुसऱ्यांदा भरला जातो.

‘कंपनीचा जीएसटी नंबर टाका’ अशी विनंती रोज होते. टाकायला हरकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात असाव्यात. कंपनी सुरतची असली, तरी पुण्यात जेवल्यावर बिलात महाराष्ट्राचाच एसजीएसटी लागतो, आयजीएसटी नाही, कारण सेवा जिथे दिली तिथला कर. आणि जेवणावरच्या कराचं क्रेडिट बहुतेक कंपन्यांना मिळतच नाही, कायद्यानेच ते अडवलेलं आहे. हिशेबाच्या फाइलला मात्र असं बिल उपयोगी पडतं.

मशीनमध्ये चूक नेमकी कुठे बसते?

आपल्या पुण्याच्या बिलातल्या तीनही चुका वेटरने केल्या नव्हत्या. बिलिंग सॉफ्टवेअर बसवताना ज्याने सेटिंग केली, त्याने एकदाच केल्या आणि मग त्या प्रत्येक टेबलावर छापून येत राहिल्या. पदार्थांचे गट करताना बिअर ‘पेयं’ या गटात सोलकढीच्या शेजारी गेली आणि त्या गटाला जीएसटी लागला. नंतर कोणीतरी व्हॅट जोडला, पण आधीचा जीएसटी काढला नाही. सर्व्हिस चार्ज ‘डिफॉल्ट’ म्हणून चालू राहिला आणि कर ‘एकूण रकमेवर’ लावला गेला.

दुरुस्तीही तिथेच करायची: मद्याचा गट वेगळा करून त्याला फक्त व्हॅट, जेवणाच्या गटाला फक्त जीएसटी, सर्व्हिस चार्ज बंद, सूट कराच्या आधी. मग एक थाळी, एक बिअर आणि एक सवलत असं खोटं टेबल उघडून चाचणी बिल काढायचं आणि कॅल्क्युलेटरवर ताडून पाहायचं. चाचणी बिल नंतर रद्द म्हणून नोंदवायचं. आतापर्यंत जास्त घेतलेला कर मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. कर म्हणून जे घेतलं, ते चुकून घेतलं असलं तरी सरकारकडे भरावंच लागतं.

ग्राहकाने काय करायचं?

आधी काउंटरवर सांगायचं: सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या. पैसे भरण्याआधी सांगितलं, तर बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत काम होतं. काढून देताना जीएसटीही नव्याने मोजला गेला का, ते पाहा. आपल्या उदाहरणात नुसते २६० कमी झाले, तर १३ रुपयांचा कर बिलात तसाच राहील.

नकार मिळाला, तर बिलाचा स्पष्ट फोटो काढा, त्यात बिल क्रमांक आणि जीएसटी क्रमांक दिसायला हवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे फोनवर किंवा त्यांच्या ॲपवरून तक्रार करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट सीसीपीएकडेही ती देता येते, आणि रक्कम परत हवी असेल तर ग्राहक आयोगात ऑनलाइन दाद मागता येते. दारूवर जीएसटी किंवा कंपोझिशनवाल्याने कर लावल्याची तक्रार मात्र जीएसटी विभागाकडे जाते.

पैसे भरून झाले असतील, तरी तक्रार करता येते. फक्त ते बिल जपून ठेवलेलं हवं. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून फोटो त्याच रात्री काढलेला बरा.